बूमवरचे नाव आणि मागची खरी गाडी

लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवल्याच्या आठवणींवर आमच्या दैनिकाची पुरवणी निघणार होती. छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात मी संदर्भ विभाग सांभाळतो, त्यामुळे जुनी कात्रणे, छायाचित्रे आणि चित्रफिती तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. दुपारी वृत्तसंपादकांनी मोबाइलवर आलेली एक चित्रफीत माझ्याकडे पाठवली. तिच्यात एक तरुण वार्ताहर हातात वाहिनीचा बूम, म्हणजे नाव लावलेला माइक, घेऊन रेल्वेरुळांजवळ उभी होती आणि मागून टाक्यांची गाडी सरकत होती. लातूरसाठी निघालेल्या पाण्याचा काही भाग वाटेतच एका मद्य कारखान्याकडे वळवल्याचा आरोप ती करत होती. "त्या वेळी एका वाहिनीने असा आरोप केला होता, अशी चौकट करू," असे वृत्तसंपादकांचे म्हणणे होते.

आरोप ऐकताक्षणी खरा वाटावा, असाच तो काळ होता. मिरजेहून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली, आणि त्याच महिन्यात मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाणीकपातीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे होता. ज्याने ते दिवस येथे काढले, त्याच्या मनात या दोन गोष्टी आपसूक जोडल्या जातात. चित्रफितीच्या पटकथाकारानेही त्या तशाच जोडल्या असाव्यात, हे मला नंतर कळले.

बूमवर आणि पडद्याच्या कोपऱ्यात जे नाव होते, ते मी कधी ऐकलेले नव्हते. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय परवानगी दिलेल्या खासगी उपग्रह वाहिन्यांची यादी प्रसिद्ध करते आणि त्या यादीत प्रत्येक वाहिनी वृत्तवाहिनी आहे की बिगर-वृत्तवाहिनी, हेही नोंदवलेले असते. त्या यादीत हे नाव नव्हते. मात्र एवढ्यावरून निकाल देता येत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत केबलवर चालणाऱ्या स्थानिक वाहिन्या आहेत, यूट्यूबवर बातम्या देणारे तर तालुक्यागणिक आहेत, आणि यांपैकी कोणीच त्या यादीत सापडत नाही. म्हणून नाव बाजूला ठेवून मी चित्रफीत आवाज बंद करून पाहू लागलो. माझा अनुभव असा आहे की आवाज चालू असला की माणूस बातमी ऐकतो; तो बंद केला की बातमी कशी चित्रित झाली आहे, हे दिसू लागते.

पहिली खटकलेली गोष्ट खालच्या पट्टीत होती. थेट प्रक्षेपणात निवेदक, वार्ताहर आणि दृश्ये यांतून निवड आधी होते आणि सरकती पट्टी व घड्याळ त्या निवडलेल्या चित्रावर नंतर चढतात. त्यामुळे स्टुडिओतून घटनास्थळी उडी मारली तरी पट्टीतील अक्षरे न अडखळता पुढे सरकत राहतात. या चित्रफितीत निवेदकाच्या चेहऱ्यावरून वार्ताहराकडे जाताना पट्टीतील वाक्य अर्ध्यावर तुटत होते आणि नवे वाक्य सुरुवातीपासून येत होते, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर पट्टी संकलनाच्या वेळी स्वतंत्रपणे बसवलेली होती. अर्थात, खऱ्या बातमीचे दोन तुकडे कोणी मोबाइलवर जोडले तरी पट्टी अशीच तुटते, त्यामुळे हा संशय होता, पुरावा नव्हता.

पुरावा त्यानंतर मिळाला. वार्ताहर एक लांब वाक्य बोलत असते, त्याच्या मध्यावर चित्र बदलते आणि आपल्याला ती बाजूने दिसते. चौकटीच्या कडेला तिच्या कॅमेरामनचा खांदा आणि कॅमेऱ्याचा मागचा भाग असतो. या कोनात वाहिनीचे चिन्ह नाही, पट्टी नाही, आणि तरीही तिचे तेच वाक्य सलग चालू राहते, ओठांची हालचालही त्याच्याशी जुळते. घटनास्थळी गेलेल्या वार्ताहराबरोबर साधारणपणे एकच कॅमेरा असतो. स्वतःच्याच कॅमेरामनला मागून टिपण्यासाठी दुसरा कॅमेरा कोणतीही वाहिनी लातूरला पाठवणार नाही. वार्ताहर बातमी देत असताना कशी दिसते, हे दाखवण्याची गरज कथेला असते. शिवाय निवेदकाचा प्रश्न संपताच तिचे उत्तर येत होते. बाहेरून जोडलेल्या वार्ताहराला प्रश्न पोहोचायला वेळ लागतो, तो कानातील यंत्रावर बोट ठेवून एखाद-दोन सेकंद नुसता मान हलवतो. ते अवघडलेपण नाटकात कोणी ठेवत नाही.

मी हे सांगितल्यावर वृत्तसंपादक म्हणाले, "अहो, पण मागची गाडी तर खरी दिसते." त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यातच होते. गाडी खरीच होती. पहिल्या खेपेला १० टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. चित्रफितीतील वार्ताहर "लातूरला आलेली ही पहिलीच गाडी" असे म्हणते, पण तिच्या बोलण्यावर लावलेल्या दूरच्या दृश्यात टाक्यांची रांग दहाच्या कितीतरी पुढे जाते. ५० टाक्यांची गाडी आठवडाभराने, २० एप्रिलला आली होती. म्हणजे खऱ्या चित्रणातील नंतरच्या गाडीचे दृश्य घेऊन ते काल्पनिक वार्ताहराच्या बोलण्याला जोडले होते. अशा दृश्यात टाक्या ओळखल्या, स्थानक ओळखले, की पडताळणी झाली असे वाटते. प्रत्यक्षात पडताळणी फक्त पार्श्वभूमीची झालेली असते.

लातूरच्या आमच्या वार्ताहराला मी चित्रफीत पाठवली. त्याने लगेच फोन केला. "सर, त्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलं का? 'पानी येतंया' म्हणतोय. आपल्याकडं 'पाणी यायलंय' म्हणतील. हा माणूस आणलेला आहे." पाहुणा माणूस लातुरात असू शकतो, म्हणून मी याला फार वजन दिले नाही, पण शोध घ्यायची दिशा त्यामुळे पक्की झाली. पट्टी नसलेल्या त्या बाजूच्या कोनातील चित्र काढून मी प्रतिमेवरून शोध घेतला, तेव्हा एका वेब मालिकेची जाहिरात समोर आली आणि तीच अभिनेत्री तोच बूम धरून उभी दिसली.

मालिकेचे नाव मी येथे देत नाही, कारण दोष तिचा नाही. खऱ्या घटनेत काल्पनिक वाहिनी उभी करण्याची रीत जुनी आहे. २०१२ साली सुरू झालेल्या 'द न्यूजरूम' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्याच भागात एसीएन ही काल्पनिक वाहिनी २० एप्रिल २०१० च्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेची बातमी देते. आपल्याकडच्या 'द ब्रोकन न्यूज'मध्ये 'आवाज भारती' आणि 'जोश 24/7' या दोन काल्पनिक वाहिन्यांचा झगडा आहे. अशा मालिकांना २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचे वर्गीकरण दाखवावे लागते, आणि बहुतेकींच्या आरंभी पात्रे काल्पनिक असल्याची सूचनाही असते. पण मधलाच तुकडा कापून पाठवला की या दोन्ही खुणा मागे राहतात आणि बूम तेवढा पुढे जातो.

चौकट रद्द झाली. चित्रफीत खोटी असल्याचे छापावे का, यावर थोडा वाद झाला. आरोप ज्यांनी ऐकलाच नाही, त्यांना तो आपणच कशाला ऐकवायचा, असे माझे मत होते आणि ते मान्य झाले. माझ्या नोंदवहीत मात्र 'कार्यक्रमाचा प्रकार' या एका रकान्याचे मी त्याच संध्याकाळी दोन रकाने केले. पहिल्यात या चित्रफितीपुढे 'कथामालिका, काल्पनिक वाहिनी' असे लिहिले आणि दुसऱ्यात 'आतील रेल्वेचे दृश्य: प्रत्यक्ष चित्रण, पहिल्या गाडीचे नव्हे' अशी नोंद केली, म्हणजे पुढे कोणाला गाडीचे दृश्य हवे असेल तर त्याला मूळ चित्रण शोधता येईल आणि वार्ताहराचे वाक्य त्याच्याबरोबर बातमीत शिरणार नाही.