आजी-आजोबांसाठी सोलापुरी चादर: माझा अनुभव

बाळ झालं की सगळे बाळासाठी आणतात. झबली, दुपटी, वाळे, घर भरून जातं. माझी ताई आणि भावोजी पहिल्यांदा आजी-आजोबा झाले, त्या दोघांच्या हातात मात्र कुणी काही ठेवलं नव्हतं. मला त्यांच्यासाठीच काहीतरी द्यायचं होतं. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे चादरच डोक्यात आली. नातीचं नाव बारशाला आत्या कानात सांगेपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं, म्हणून मजकूर ठरला तो त्यांचाच: ‘आजी-आजोबा’, आणि खाली नातीची जन्मतारीख.

खरा ताप इथून सुरू झाला. मला हे अक्षर चादरीत विणूनच हवं होतं, मोर आणि फुलं विणलेली असतात तसं. एका व्यापाऱ्यानं लगेच ‘होईल की ताई’ म्हटलं, आगाऊ पैसे घेतले आणि मग रोज एकच उत्तर: ‘मागावर लागलंय.’ बारसं जवळ येत होतं आणि माझा संयम संपत होता. शेवटी मी पूर्व भागातल्या एका ओळखीच्या यंत्रमागवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चालू माग दाखवत शांतपणे समजावलं, तेव्हा लक्षात आलं की माझी चादर मागावर लागलेलीच नव्हती आणि लागणारही नव्हती.

जेकॉर्डच्या मागावर नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवर चालते. आडव्या धाग्यांच्या फेऱ्या जितक्या, त्या हिशेबात कार्डं. भोक असेल तिथला हुक उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. एका हुकाला रुंदीत ठरावीक अंतरावरचे कितीतरी धागे बांधलेले असतात, म्हणून एक मोर काढला की तोच मोर रुंदीभर पुन्हापुन्हा उमटतो. काका म्हणाले, ‘तुम्ही एकदा आजी लिहाल, माग चार आज्या विणेल.’ शिवाय चादर दोन्ही बाजूंनी दिसते. मागच्या बाजूला रंग उलटे होतात, नक्षीला ते शोभतं, पण अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात. आणि एका चादरीसाठी नवी कार्डं पाडून माग थांबवणं कुणालाच परवडत नाही. लग्नाच्या आहेरासाठी वा संस्थेसाठी शेकड्यानं घेणार असाल तर गोष्ट वेगळी. हे त्या व्यापाऱ्याला पहिल्या दिवशीच माहीत असणार, याचाच मला आजही राग आहे. भांडून आगाऊ रक्कम परत घेतली.

मग तयार चादर घेऊन त्यावर कॉम्प्युटर भरतकाम करायचं ठरलं. आधी एक सांगते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: चादर भरतकामाला देण्याआधी एकदा गार पाण्यात वेगळी धुऊन वाळवा. सुती चादर पहिल्या धुण्यात थोडी आटते, भरतकामाचा पॉलिस्टरचा धागा आटत नाही. कोरी चादर भरली तर पहिल्या धुण्यानंतर अक्षरांभोवती कापड गोळा होतं. दुकानातला असा एक नमुना मी हातात घेऊन पाहिला. पहिल्या धुण्यात रंग जात असेल तर तोही तिथेच कळतो.

भरतकामवाल्या दादांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘आजोबा’ टाइप केलं की ओकार फुटून मात्रा भलत्याच जागी बसत होती. म्हणून मी घरी मोठ्या अक्षरात मजकूर तयार करून त्यांना चित्र म्हणून दिला आणि त्यावरून टाके आखायला सांगितले. आधी नमुना काढून घ्या, साध्या फडक्यावर नको, चादरीच्याच जाडीच्या तुकड्यावर. आमच्या नमुन्यात शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली होती, कारण टाके आवळले की प्रत्येक अक्षर आतल्या बाजूला ओढलं जातं. दादांनी मग अक्षरं आधी आणि पूर्ण शब्दाची शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका सलग टाक्यात घेतली. ती सरळ रेघ पाहून माझा जीव भांड्यात पडला.

मजकूर पायाकडच्या कोपऱ्यात घेतला आणि मागून मऊ मलमलचा तुकडा शिवून घेतला, भरतकामाची उलटी बाजू बाळाच्या गालाला टोचते म्हणून. गडद लाल चादर, त्यावर पिवळा धागा. फिकट चादरीवर फिकट धागा नावालाही दिसत नाही.

बारशाला पाळणा म्हणून झाल्यावर मी ताई-भावोजींना शेजारी बसवलं, कुंकू लावलं आणि चादर त्यांच्या खांद्यांवर घातली. भावोजींनी कोपरा हातात घेऊन मजकूर मोठ्यानं वाचला, आणि ताईनं त्यांच्याकडून काढून घेऊन पुन्हा वाचला.