ऑफर लेटरच्या चार ओळी काढताना नोटीसने खाल्लेलं डोकं

भाचीची पहिलीच नोकरी, आणि लेटर पानंच्या पानं. तिला त्यातून चार ओळींत हवं होतं एवढंच: पगार, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन आणि नोटीस. पहिले तीन मुद्दे लवकर निघाले. नोटीसने मात्र वैताग आणला, कारण ती एका जागी लिहिलेलीच नव्हती.

प्रोबेशनच्या कलमात १५ दिवस, राजीनाम्याच्या कलमात ९० दिवस, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’. ते धोरण सोबत जोडलेलं नाही! अशा वेळी १५ की ९० हे ठरतं कन्फर्मेशनवर. प्रोबेशन ६ महिन्यांचं असलं, तरी पुढे वाक्य होतं की लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत ते वाढलेलं समजावं. म्हणजे सातव्या महिन्यातही पत्र हातात नसेल, तर नोटीस १५ दिवसांचीच. म्हणून नुसतं ‘प्रोबेशन ६ महिने’ लिहून भागत नाही. ‘६ महिने, पुढे पत्र येईपर्यंत’ असं लिहावं लागतं.

दुसरी मेख पैशांची. कंपनी नोटीसऐवजी पगार देऊन लगेच काढू शकते, पण आपण पैसे भरून लवकर सुटायचं तर ‘कंपनीच्या मंजुरीने’. शिवाय पैसे बेसिकवर मोजायचे की ग्रॉसवर? इथे बेसिक १५,००० आणि ग्रॉस २८,५०० होता. ९० पैकी ६० दिवस भरून काढायचे झाले, तर बेसिकवर ३०,००० होतात, ग्रॉसवर ५७,०००. लेटरमध्ये फक्त ‘पगार’ लिहिलं होतं. हे एचआरला फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा आणि धोरणाची प्रतही तेव्हाच मागा. होकार कळवण्याआधी.

पगाराच्या ओळीत सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, लिहू नये; हातात येणारी रक्कम लिहावी. सीटीसी ४,२०,००० म्हणजे महिना ३५,००० असं भाचीने धरलं होतं. त्यातून व्हेरिएबलचे ४२,०००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटीचे ८,६५८ आणि विम्याचे ५,७४२ बाजूला काढले की उरतात ३,४२,०००, म्हणजे महिना २८,५००. त्यातून आपला पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २६,५००. व्हेरिएबल वेगळ्या ओळीत ठेवा. तो कधी आणि कशावर मिळणार, हे लिहिलेलं नसेल तर महिन्याच्या हिशोबात धरूच नका.

तारखेचं राहिलंच. ‘रुजू १ जुलै’ एवढंच उतरवलं, तर त्याखालची अट सुटते: शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका रुजू होताना द्यायची, नाहीतर ऑफर रद्द. विद्यापीठाचा निकाल रखडला, तर कॉलेजचं पत्र चालेल का, हा प्रश्नही त्याच ईमेलमध्ये टाका.