गावी परतण्याच्या प्रश्नासाठी पाच पत्त्यांची मांडणी

‘गावी परत जावं का, एवढ्या एकाच प्रश्नासाठी तुम्ही टॅरोची वेगळी मांडणी का करता? सेल्टिक क्रॉस पुरत नाही का?’

सेल्टिक क्रॉस ही टॅरोची दहा पत्त्यांची प्रचलित मांडणी; तिच्या दहा जागांमध्ये भूतकाळ, भोवतालची माणसे, आशा आणि भीती हे सगळे असते. परंतु आठवणीतले गाव आणि आजचे गाव यांना वेगळे करणारी जागा त्यात नसते, आणि परतण्याचा निर्णय बहुधा तिथेच फसतो. म्हणून मी पाच जागा ठरवते: आठवणीतले गाव, आजचे गाव, इथले जे सुटेल पण हिशेबात धरलेले नाही ते, ज्यापासून पळ काढायचा आहे ते, आणि निर्णयापूर्वी काय पडताळावे. पहिले दोन पत्ते शेजारी, त्यांच्याखाली तिसरा आणि चौथा, आणि पाचवा सर्वांत खाली मध्यभागी. पत्ते पिसण्यापूर्वी या जागा कागदावर लिहायच्या आणि पत्ते उलटल्यावर त्यांत बदल करायचा नाही.

जागा नीट बेतली आहे का, हे तपासण्यासाठी मी तिथे आधी कोसळण्याचा पत्ता ‘टॉवर’ आणि मग घरच्या सुखाचा पत्ता ‘टेन ऑफ कप्स’ ठेवून पाहते. दोन्ही पत्त्यांना तिथे अर्थपूर्ण बोलता आले पाहिजे. ‘गावात मिळणारे सुख’ अशी जागा केली, तर उत्तर आपणच आधी लिहून टाकलेले असते. ‘आईवडिलांच्या मनात काय आहे’ ही जागाही मी ठेवत नाही, कारण ते त्यांनाच विचारायला हवे.

चौदा वर्षे पुण्यात राहिलेल्या, मूळच्या चिपळूणच्या एका बाईंसाठी मी हीच मांडणी केली होती. आठवणीतल्या गावाच्या जागी ‘एट ऑफ पेंटॅकल्स’ आला, म्हणजे बाकावर बसून एकेक नाणे घडवणारा कारागीर. त्यांना लगेच वडिलांचे दुकान आठवले. आजच्या गावाच्या जागी मात्र ‘सिक्स ऑफ कप्स’ आला. जुन्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो आहे, असे रायडर-वेट या प्रचलित टॅरो संचातले त्याचे चित्र आहे आणि तो मुळात बालपणाचा, स्मरणाचा पत्ता मानला जातो. आठवणींचा पत्ता वर्तमानाच्या जागी पडला, हे त्या जागेमुळेच उमगले. मी त्यांना विचारले, गावात चार दिवसांहून अधिक शेवटचे कधी राहिलात? गणपती आणि शिमगा एवढेच त्यांचे जाणे होते. जुलै 2021 च्या पुरानंतरचे चिपळूण त्यांनी राहून असे पाहिलेच नव्हते.

पाचव्या जागी ‘नाइट ऑफ पेंटॅकल्स’ होता, ज्याचा घोडा नांगरलेल्या शेतासमोर थांबलेला असतो. त्याने ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे काहीच सांगितले नाही, आणि या मांडणीकडून मी तशी अपेक्षाही करत नाही. त्यांनी रजा काढून जुलैचा पूर्ण महिना तिथे राहायचे ठरवले, तेही सणावाराला नव्हे, ऐन पावसात.