दहाव्या मुलाखतीनंतर

विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, सॅच्युरेशन झालं. दहाव्या मुलाखतीत नवीन काहीच नाही." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिच्या सिनॉप्सिसमध्ये आम्ही पंचवीस मुलाखती लिहिल्या होत्या. का, तर समितीच्या फॉर्मात 'नमुना संख्या' असा रकाना असतो. गुणात्मक अभ्यासात तो आकडा आधी सांगता येत नाही, हे त्या रकान्याला कोण सांगणार!

विषय होता मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या आशा ताईंचं काम. मी म्हटलं, तक्ता घेऊन ये. ग्रेग गेस्ट या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे. पहिल्या सहा मुलाखतींतले वेगवेगळे कोड, म्हणजे बोलण्यातून निघालेल्या मुद्द्यांना दिलेली नावं, मोजायचे, तो पाया. तिचे 32 निघाले. मग दोन-दोन मुलाखतींची जोडी एकेक घर पुढे सरकवत नवे कोड पाहायचे. सातवी-आठवीत तीन, आठवी-नववीत दोन, नववी-दहावीत एक. एकाला 32 ने भागलं की तीन टक्के. मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे पास.

सही करायला पेन उघडलं आणि सहज विचारलं, "या दहा जणी मिळाल्या कशा?"

"गटप्रवर्तक ताईंनी नंबर दिले."

गटप्रवर्तक म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या. सगळी गावं डांबरी रस्त्यावरची. बैठकीला वेळेवर येणाऱ्या, वही नीट ठेवणाऱ्या बायका. थांबलं होतं ते त्या यादीतलं नावीन्य. टक्केवारीत हे कधीच दिसत नाही.

अकरावी मुलाखत तांड्यावर झाली. ती ताई म्हणाली, "नाव माझ्या वहीत, बाळंतपण तिकडं कोपीवर. मग त्याचे पैसे कुणाचे?" तांडा ऊसतोडीला गेला की तिची निम्मी यादीच उठून जाते आणि बाळंतपणाचा मोबदला तर झालेल्या कामावर. एका मुलाखतीत पाच नवे कोड! बारावीत तीन, तेरावीत एक. या दोन्हीही तांड्यावरच्याच. पुढच्या चार आडवाटेच्या गावांतल्या. त्यांत एक, एक, शून्य, शून्य. सतरावर थांबलो. प्रबंधात पंचवीसचे सतरा कसे झाले ते तक्त्यासकट लिहिलं, आणि गटप्रवर्तकांच्या यादीची गोष्टही लपवली नाही. ती वगळा, असं सुचवणारे सहकारी निघालेच. अशा वेळी 'सॅच्युरेशन साधले' एवढं एक वाक्य टाकून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

व्हायव्हात बाह्य परीक्षकांनी तक्ता बराच वेळ पाहिला. मी निर्धास्त होतो. मग त्यांनी तेराव्या मुलाखतीवर बोट ठेवलं. "एकूण आकडा बसतोय. पण तांड्यावरच्या तीनच आणि तिसरीतही नवा कोड निघतोय. चौथी का नाही घेतली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा डिसेंबर होता, तांडे रिकामे झाले होते, हे खरं कारण. ते प्रबंधात नव्हतं. लिहायचं मलाच सुचलं नव्हतं.