न आलेल्या पेशंटचं काय धरता?

“औषधाच्या चाचणीत जे पेशंट परत आलेच नाहीत, त्यांचे आकडे तुम्ही बसवता. मग सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणजे अंदाजावर आणखी एक अंदाजच ना?”

हो, अंदाजच. सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणजे गृहीत बदलून निष्कर्ष टिकतो का ते पाहणं. फक्त इथे अंदाज उघड मांडलेला असतो, आणि किती चुकला तर निष्कर्ष कोसळेल हेही कळतं.

नागपुरातल्या माझ्या डॉक्टर मित्रांना मी मधुमेहाचं उदाहरण देतो, सोयीसाठी गोल आकड्यांचं. जुनी गोळी आणि नवी गोळी, प्रत्येकी १०० पेशंट. सहा महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, नव्या गोळीने सरासरी १.२ ने उतरलं, जुनीने ०.८ ने. फरक ०.४, विश्वास मर्यादा ०.१५ ते ०.६५, म्हणजे खरा फरक साधारण या टप्प्यात असावा; टप्प्यात शून्य आलं तर नवी गोळी सरस म्हणता येत नाही. नव्या गोळीचे २० जण शेवटच्या तपासणीला आलेच नाहीत. त्यांचे आकडे त्यांच्यासारख्याच, पण आलेल्या पेशंटवरून भरलेत. यात गृहीत असं की एकसारख्या पेशंटमध्ये न येण्याचा त्या न मोजलेल्या साखरेशी संबंध नाही. तो आहे की नाही, हे जमलेल्या डेटातून तपासताच येत नाही. कुठलीही टेस्ट लावा.

म्हणून मी त्या २० जणांची घट मुद्दाम कमी करत जातो. प्रत्येकाची ०.५ ने कमी केली की गटाची सरासरी ०.१ ने खाली येते, कारण ते गटाचा पाचवा हिस्सा आहेत. ०.७५ ने कमी केली की मर्यादेचं खालचं टोक शून्याला टेकतं. (खरं तर थोडं आधीच, कारण मर्यादा जराशी रुंदावते.) हा झाला टिपिंग पॉइंट, जिथे निष्कर्ष कोसळतो.

इथे एक लबाडी चालते. हीच वजाबाकी दोन्ही गटांत करायची. जुन्या गोळीचे १० जण गैरहजर असतील तर परिणाम बराचसा आपसात कटतो, टिपिंग पॉइंट दुप्पट लांब दिसतो आणि पेपरात ‘निष्कर्ष भक्कम’ असं छापून येतं.

आता ०.७५ पटण्यासारखं आहे का, हे मी ठरवू शकत नाही. ते तुम्ही डॉक्टरांनी सांगायचं. एका डॉक्टरांनी चहाचा कप ठेवत म्हटलं, “अहो, गोळी सुटली की घट पुसलीच समजा.” म्हणजे १.२ ची वजाबाकीसुद्धा शक्य. मग रजिस्टर काढलं. वीसपैकी आठ जणांनी मळमळीमुळे गोळी सोडलेली. बाकीचे बारा पेरणीला किंवा काटोलकडे संत्र्याच्या तोडीला गेलेले, गोळ्या सोबत नेऊन. बारांची घट तशीच ठेवली, आठांची १.२ ने कमी केली. गटाची सरासरी जेमतेम ०.१ ने घसरली, फरक ०.३ उरला, खालचं टोक ०.०५.

टिकलं, पण काठावर. रजिस्टरात कारणाचा रकाना रिकामा असता, तर एवढंही म्हणता आलं नसतं.