सी शिफ्टची तारीख: एका गैरहजेरीपायी तीन अर्ज

सप्टेंबर 2023 च्या पगारपत्रकात माझे दोन दिवस कापले गेले होते. एक 18 तारखेचा, गैरहजर म्हणून. दुसरा 19 चा, म्हणजे गणेश चतुर्थीच्या भरपगारी सुट्टीचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी न कळवता दांडी मारली तर सुट्टीचाही पगार जातो, असा आमच्या कंपनीचा नियम आहे. मी मात्र 18 तारखेला पहाटेपर्यंत मशिनवर उभा होतो. त्या रात्री निघालेल्या पार्टची नोंद माझ्या हातची आहे. तरी टाइम ऑफिसात साहेब म्हणाले, "18 ला तू आलाच नाहीस." हे दोन दिवस परत मिळवायला मला तीन अर्ज आणि जवळजवळ महिना लागला. अजूनही तो विषय निघाला की डोकं तापतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी चाकणला एका कारखान्यात आहे. आमच्याकडे ए शिफ्ट सकाळी सव्वासात ते पावणेचार, बी शिफ्ट पावणेचार ते रात्री सव्वाबारा आणि सी शिफ्ट सव्वाबारा ते सकाळी सव्वासात. ट्रेनिंग चालू असताना आमच्या बॅचला जनरल शिफ्ट आणि रविवारची सुट्टी होती. ते संपल्यावर शनिवारी, 16 तारखेला लाइनच्या फळ्यावर पहिलं रोस्टर लागलं. माझ्या नावासमोर होतं: 17 डब्ल्यूओ, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, 18 सी, 19 सणाची सुट्टी, 20 सी, 21 पुन्हा डब्ल्यूओ, कारण ट्रेनिंग संपल्यावर आम्हालाही इतरांसारखी गुरुवारची सुट्टी लागू झाली. खाली बारीक अक्षरात सीची वेळ दिलेली होती, 00:15 ते 07:15.

मी सरळ वाचलं. 18 तारीख, 00:15, म्हणजे रविवारी रात्री बारा वाजून गेल्यावर. यात मला शंका घ्यावीशीही वाटली नाही, कारण रेल्वेच्या तिकिटानं मला हेच शिकवलं होतं. तिकिटावर 18 तारीख आणि गाडी सुटायची वेळ 00:20 असेल तर 17 च्या रात्रीच स्टेशन गाठावं लागतं. कॉलेजला असताना एकदा तारखेच्या भरवशावर राहून गाडी चुकवली होती. तेव्हापासून मनात पक्कं बसलं होतं की बारानंतरची वेळ पुढच्या तारखेची. रेल्वेसाठी ते खरंच आहे.

म्हणून रविवारी रात्री 23:58 ला मी पंच केला आणि लाइनवर गेलो. सणामुळे त्या रात्री माणसं कमी होती. सुपरवायझरनं नाव विचारलं, मशिन दाखवलं आणि मी कामाला लागलो. यादी कोणी पाहिली नाही. सकाळी 07:22 ला बाहेरचा पंच केला, खोलीवर जाऊन दुपारपर्यंत झोपलो आणि सोमवारी संध्याकाळी स्वारगेटहून कोरेगावची एसटी धरली. माझ्या हिशेबानं 18 ची ड्यूटी झाली होती आणि 19 ची सुट्टी लागली होती. गणपती बसवला, आरती झाली, मोदक खाल्ले. इकडे सोमवारच्या रात्री सव्वाबाराला माझ्या नावाची हाक झाली आणि मशिन रिकामं राहिलं.

रोस्टरमधली तारीख घड्याळाची नसते, ती शिफ्टची असते. कारखान्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी सव्वासातला बदलतो. ए, बी, सी अशा तीन शिफ्ट मिळून एक दिवस होतो आणि सी हा त्या दिवसाचा शेवटचा तुकडा. त्यामुळे '18 सी' याचा अर्थ सोमवारी 18 ला सकाळी सुरू झालेल्या दिवसाची तिसरी शिफ्ट. घड्याळात ती अख्खीच्या अख्खी 19 तारखेत येते, तिचा एक मिनिटही 18 मध्ये नसतो, तरी नाव 18 चंच. मी जी रात्र केली ती '17 सी' होती, आणि 17 ला माझी साप्ताहिक सुट्टी होती. ती सुट्टीसुद्धा रविवारी रात्री बाराला संपत नव्हती, सोमवारी सकाळी सव्वासातला संपत होती.

हे सगळं मला आज दोन ओळींत सांगता येतं. टाइम ऑफिसात ते कोणी सांगितलं नाही.

हजेरी दुरुस्तीचा छापील अर्ज असतो. त्यात दिनांक, शिफ्ट, आत, बाहेर, कारण असे रकाने आणि खाली सुपरवायझरची सही. पगारपत्रक आलं त्याच दिवशी मी पहिला अर्ज भरला: दिनांक 18, शिफ्ट सी, आत 00:15, बाहेर 07:15. चार दिवसांनी परत आला. शेरा होता, 'पंच आढळला नाही'. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "साहेब, मशिनला बोट लावलंय मी, मशिननं वेळही दाखवली होती." त्यांनी स्क्रीनवर 18 तारीख काढली, रकाना रिकामा होता. "हे बघ, काहीच नाही." मी म्हणालो, "मग 17 बघा ना." ते म्हणाले, "अर्ज 18 चा आहे, मी 17 कशाला बघू? 17 ला तुला सुट्टी होती." मागे पाच-सहा जण उभे होते. मला बाजूला व्हावं लागलं.

दुसऱ्या अर्जात मी शहाणपणा करून कारणाच्या रकान्यात लिहिलं, '17 च्या रात्री 23:58 ला आलो, 18 ला सकाळी 07:22 ला गेलो.' पण दिनांकाच्या रकान्यात पुन्हा 18 च लिहिलं, कारण माझ्या दृष्टीनं काम 18 लाच झालं होतं. तोही परत आला, शेरा तोच. यावेळी आठवडा गेला. चिडून मी विचारलं की माझे पंच गेले कुठे, तर उत्तर मिळालं, "सिस्टिम घेत नाही." सिस्टिम का घेत नाही, हे मला ऑफिसकडून शेवटपर्यंत कळलं नाही.

ते कळलं कॅन्टीनमध्ये, त्या रात्रीच्या सुपरवायझरकडून. सॉफ्टवेअर प्रत्येक शिफ्टसाठी पंच शोधण्याची एक मुदत धरतं. '18 सी' साठी ते 18 च्या रात्री सव्वादहापासून 19 च्या सकाळी साडेनऊपर्यंतचेच पंच बघतं. त्या वेळात मी एसटीत आणि नंतर घरी होतो, म्हणून रकाना रिकामा. माझे 23:58 आणि 07:22 हे दोन्ही पंच '17 सी' च्या मुदतीत पडले होते. ते 17 तारखेच्या ओळीत नीट बसलेले होते, पण तिथे डब्ल्यूओ असल्यामुळे त्यांची हजेरी धरली नव्हती. म्हणजे काहीही हरवलं नव्हतं. साहेबांनी एक ओळ वर पाहिलं असतं तर त्याच मिनिटाला उलगडा झाला असता. माझा राग आहे तो यावर.

सुपरवायझरनंच तिसरा अर्ज माझ्याकडून भरून घेतला. दिनांक 17, शिफ्ट सी, आत 17/09 23:58, बाहेर 18/09 07:22. कारण: 'साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केले, त्याबद्दलची बदली सुट्टी दि. 18 च्या सी शिफ्टला धरावी.' सोबत त्या रात्रीच्या उत्पादन नोंदीची झेरॉक्स आणि त्यांची सही. दोन दिवसांत मंजूर झाला. 18 ची गैरहजेरी गेली, तिथे सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, लागली, आणि ती गेल्यावर 19 ची सुट्टीही आपोआप परत आली. सही करताना ते एवढंच म्हणाले, "त्या रात्री तुझं नाव यादीत बघायला हवं होतं मी." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

असा अर्ज करायची वेळ आलीच तर आधी शिफ्टची तारीख लिहा आणि पंचच्या वेळेसोबत घड्याळाची तारीख वेगळी लिहा. दोन्ही तारखा कागदावर असल्या की वाद उरत नाही.

त्याआधीची गोष्ट म्हणजे रोस्टर कुठल्या पद्धतीचं आहे हे ओळखणं. ते त्याच कागदावरून कळतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आपली ओळ सोडून इतरांच्या ओळी वाचायच्या. माझ्याच वरच्या ओळीत एका जुन्या ऑपरेटरला 17 ला बी आणि 18 ला सी होती. 17 ची बी संपते रात्री सव्वाबाराला. माझ्या वाचनाप्रमाणे 18 ची सी त्याच सव्वाबाराला सुरू व्हायला हवी, म्हणजे तो माणूस दुपारी पावणेचारपासून सकाळी सव्वासातपर्यंत सलग साडेपंधरा तास उभा! असं कोणी लावणार नाही. म्हणजे सी पुढच्याच रात्रीची. उलट कुठे एका तारखेला सी आणि लगेच दुसऱ्या तारखेला ए दिसली, तर ते रोस्टर घड्याळाच्या तारखेवर चालतं असं समजावं, कारण आमच्या पद्धतीत सी संपते त्याच क्षणी दुसऱ्या दिवशीची ए सुरू होते. आमच्या कागदावर सीनंतर दुसऱ्या दिवशी ए कुठेच नाही.

दुसरी खूण कंपनीच्या बसच्या तक्त्यात आहे. सीची बस भोसरीहून 23:10 ला सुटते आणि तक्त्यात 18 च्या सीसमोर 18 तारीखच असते. बाराच्या आतली वेळ असल्यानं तिथे घोटाळा होतच नाही. मी मोटरसायकलनं जायचो, म्हणून तो तक्ता कधी पाहिला नव्हता.

हे कायद्यात कसं होतं तेही मी नंतर वाचलं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 57 मध्यरात्रीपलीकडे लांबणाऱ्या शिफ्टबद्दल होतं. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि सुट्टीचे चोवीस तास शिफ्ट संपल्यापासून मोजायचे, असं ते सांगत होतं. पण हे आमच्या बीला चपखल बसतं, तिची शेवटची पंधरा मिनिटं बारापलीकडची आहेत. सी तर सुरूच बारानंतर होते. तिला आदल्या दिवसाचं नाव द्यायचं हे कंपनीनं ठरवलेलं आहे, आणि म्हणूनच ते नव्या माणसाला तोंडी सांगायलाच हवं.

रजेचंही तसंच. सणाच्या दिवशी पहाटे घरी असायचं असेल तर रजा आदल्या तारखेच्या सीची टाकावी लागते. आमच्याकडे 19 ची सुट्टी 19 ला सकाळी सव्वासातला लागली आणि 20 ला सव्वासातला संपली. महिनाअखेरीला 30 तारखेची सी 1 तारखेच्या सकाळी संपते, तिचा पगार मात्र सरत्या महिन्यात येतो. तो पुढच्या पगारपत्रकात शोधू नका.

कापलेले दोन दिवस ऑक्टोबरच्या पगारात फरक म्हणून जमा झाले. त्यानंतर मी टाइम ऑफिसला लेखी विनंती दिली की रोस्टरच्या पहिल्या रकान्यावर 'दिनांक' ऐवजी 'शिफ्ट दिनांक' छापा आणि सीखाली 'रात्र 18/19' असं लिहा. विनंतीची पोच मिळाली. रोस्टरवर अजून 'दिनांक' च आहे. दर शनिवारी ते लागलं की मी पेन घेतो आणि आमच्या लाइनच्या प्रत्येक सीखाली दोन्ही तारखा लिहून ठेवतो.