पार्लर पंधरा दिवस बंद, पण ताईंची वेळ चुकायला नको

"आम्हालाही पार्लरची फरशी आणि बेसिन बदलायचंय. तुम्ही बंद ठेवायच्या आधी सगळ्यांना मेसेज पाठवला होता ना? त्यात काय काय लिहिलं होतंत?"

मेसेज पुढे देतेच, पण तो लिहायच्या आधी मी अपॉइंटमेंटची वही घेऊन बसले होते. माझं पार्लर नौपाड्यात, जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. येणाऱ्या बायका वर्षानुवर्षांच्या, आणि प्रत्येकीचा फेरा वेगळा. थ्रेडिंगवाली दोन-तीन आठवड्यांनी येते, मुळांना रंग लावणारी चार ते सहा आठवड्यांनी. दोन आठवडे बंद म्हणजे पहिलीची एखादी खेप चुकते, तिला कुणीतरी दुसरी सोय सांगायला हवी. रंगवालीला मात्र बंद व्हायच्या आठवड्यात थोडं आधी बोलावून घेता येतं. म्हणजे मेसेज तीन आठवडे आधी गेला तरच त्याचा उपयोग. आदल्या दिवशी पाठवलेला मेसेज नुसतीच सूचना ठरते.

काम मी २०२५च्या पितृपक्षात काढलं. आमच्या धंद्यात तो पंधरवडा तसाही मंद असतो, आणि घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. गणपती २७ ऑगस्टला बसणार होते, म्हणून मेसेज १८ ऑगस्टला पाठवला. गणपतीआधीच्या गर्दीत जवळजवळ सगळ्याच येऊन जातात. तेव्हा आरशाशेजारी लावलेली तीच सूचना त्यांनी वाचली आणि समोरासमोर विचारूनही घेतलं. मेसेज असा होता:

"नमस्कार ताई. पार्लरचं बेसिन, नळाची लाइन आणि फरशी बदलायची आहे, त्यामुळे सोमवार ८ सप्टेंबरपासून पार्लर बंद राहील. घटस्थापनेच्या आठवड्यात पुन्हा सुरू करायचा बेत आहे; पक्का दिवस १८ सप्टेंबरला कळवते. केसांना रंग लावायचा असेल तर शुक्रवार ५ तारखेपर्यंत येऊन जा. मधल्या दिवसांत थ्रेडिंग आणि वॅक्सिंग घरी येऊन करू (नौपाडा, पाचपाखाडी, किमान बिल ५०० रुपये). बाकी कामांसाठी पाचपाखाडीतल्या माझ्या मैत्रिणीच्या पार्लरमध्ये माझं नाव सांगा. पैसे तिच्या दराने तिथेच द्यायचे. तुमचं पॅकेज शिल्लक असेल तर मुदत आपोआप एक महिना वाढली आहे, वेगळं विचारायची गरज नाही. पुन्हा सुरू झाल्यापासून १० ऑक्टोबरपर्यंत, सोमवार ते गुरुवार ११ ते ४ मध्ये कुठलीही सेवा घेतलीत तर थ्रेडिंग आमच्याकडून."

यात उघडायची एकच तारीख का नाही, हे सगळ्याजणी विचारतात. बेसिनखालचं वॉटरप्रूफिंग झालं की तिथे पाणी भरून एक-दोन दिवस तसंच ठेवतात आणि कुठे ओल येते का बघतात. ही चाचणी घाई करून उरकता येत नाही. त्यावर फरशी, फरशी बसल्यावर सांधे भरायच्या आधी पुन्हा एक दिवस, मग रंग, आणि रंगाचा वास जाईपर्यंत आणखी थांबणं. आमच्याकडे पाणी भरल्यावर शेजारच्या दुकानाच्या भिंतीला ओल दिसली. कोटिंग पुन्हा करावं लागलं आणि सगळंच पुढे गेलं. मी १८ तारखेला सगळ्यांना "गुरुवार २५ सप्टेंबर, सकाळी ११ वाजता" असं कळवलं. तोपर्यंत वहीत एकही अपॉइंटमेंट घेतली नव्हती, त्यामुळे कुणाला परत पाठवावं लागलं नाही. पक्की तारीख कळवायचा दिवस सांगावा आणि तो पाळावा. काम लांबलं तरी त्या दिवशी मेसेज गेलाच पाहिजे.

दुसऱ्या पार्लरचं नाव सुचवणं सोपं वाटतं, पण रंगाच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. ज्या ताई ५ तारखेआधी येऊ शकल्या नाहीत त्यांना मी एकेक चिठ्ठी दिली: कंपनी, शेड नंबर, डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं, किती मिनिटं ठेवायचा. उदाहरणार्थ, ४ नंबर, २० व्हॉल्यूम, ३५ मिनिटं. नुसतं "गडद तपकिरी" सांगितलं तर प्रत्येक कंपनीचा तपकिरी निराळा निघतो, आणि मुळं एका छटेची, टोकं दुसऱ्याच छटेची होतात. कंपनी बदलत असेल तर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत पॅच टेस्ट करून घ्या, हेही चिठ्ठीवर लिहिलं. जुना रंग सोसला म्हणून नवा सोसेलच असं नाही. खाज सुटली किंवा लाल झालं तर रंग लावायचाच नाही, महिनाभर पांढरं दिसलं तरी चालेल.

मैत्रिणीशी दर आणि वेळ आधीच बोलून ठेवले होते. माझ्याकडच्या मुलींपैकी एक त्या दिवसांत तिच्याकडे बसली आणि दुसरीने घरोघरी जाऊन काम केलं. दोघींचा पगार चालू राहिला, आणि क्लायंटना ओळखीचा हात मिळाला. हेअर स्पा आणि केस धुण्याची कामं मात्र घरी घेतली नाहीत. बादली-मगावर ती नीट होत नाहीत.

ऑफरमध्ये पहिल्यांदा २० टक्के सूट सुचते, पण ती मी मुद्दाम दिली नाही. नवरात्रात संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी खुर्च्या तशाही भरलेल्या असतात. तिथे १,२०० रुपयांच्या फेशियलवर २४० रुपये सोडायचे, आणि वर गर्दीत कुणाला तरी ताटकळत ठेवायचं! दुपारी मात्र खुर्ची रिकामी असते. तेव्हाच्या थ्रेडिंगला मुलीची दहा मिनिटं जातात, आणि ताईंना निवांत बसता येतं. पॅकेजची वाढलेली मुदत ऑफरमध्ये मिसळू नका. ते पैसे त्यांनी आधीच दिलेले आहेत, तो त्यांचा हक्क आहे. मेसेजमध्येही दोन्ही वाक्यं वेगळी ठेवा.

आता पोचवण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणीच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरून 'इन्फो' पाहिलं की कुणापर्यंत पोचला ते दिसतं. उरलेल्यांना मी एकेक करून पाठवला. डिसेंबरच्या लग्नांचं बुकिंग असलेल्या मुलींना मात्र मेसेजवर सोडलं नाही, फोनच केला: तुझ्या तारखेला काही धक्का नाही, मेकअपची ट्रायल ऑक्टोबरमध्ये घेऊ. बंद पार्लरची बातमी नवरीला दुसऱ्याकडून कळली की तिच्या आईची झोप उडते.

गूगलवर 'टेम्पररिली क्लोज्ड' निवडा. 'पर्मनंटली क्लोज्ड' त्याच्या जवळच असतं, बोट तिकडे जाऊ देऊ नका, आणि उघडाल त्या सकाळी ती खूण आठवणीने काढा. शटरवरच्या कागदावर बंदची तारीख, फोन नंबर आणि मैत्रिणीच्या पार्लरचा पत्ता लिहा, मोठ्या अक्षरात. सप्टेंबरात पाऊस असतो, म्हणून कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. आमच्या काही आजी फोनवर मेसेज वाचत नाहीत. त्या थेट शटरपाशी येतात.